घरून कस्टमर सपोर्ट करायचा तर साठ हजारांचं काय काय घ्यावं?

प्रश्न: ताई, मी खानापूर तालुक्यातल्या नंदगडचा. ऑनलाइन खरेदीच्या एका कंपनीसाठी घरून कस्टमर सपोर्टचं काम मिळालंय. हिंदी, कन्नड आणि इंग्रजीत कॉल, मधेमधे चॅट, नऊ तासांची शिफ्ट. लॅपटॉप स्वतःचा पाहिजे म्हणतात. बजेट साठ हजार. बेळगावातला दुकानदार गेमिंग लॅपटॉप घ्या म्हणतो, मित्र म्हणतो आय७ घे. ब्लूटूथ इअरबड्स माझ्याकडे आहेतच. नक्की काय घेऊ?

उत्तर:

लॅपटॉपवर ४५ ते ४८ हजारांच्या वर जाऊ नका. बाकीचे पैसे वायरचा हेडसेट, लॅन केबल, राउटरचा छोटा यूपीएस आणि कीबोर्ड-माउस यांना लागणार आहेत. गेमिंग लॅपटॉप तर नकोच. त्याचं ग्राफिक्स कार्ड तुमच्या कामात नुसतं बसून राहील, पंखा मात्र फिरत राहील, आणि तो पंखा तुमच्या माइकपासून हातभर अंतरावर असेल. मी बेळगावातून एका व्हॉइस प्रोसेसची टीम सांभाळते. घरून काम करणाऱ्या नव्या मुलांची मांडणी तपासणं हे माझ्या कामातच येतं. त्यांच्या तक्रारींमध्ये 'लॅपटॉप मंद आहे' ही तक्रार फार खाली असते. 'कस्टमरला माझा आवाज तुटक जातोय' ही सगळ्यात वर.

दुकानात जाण्याआधी एक काम करा. कंपनीच्या आयटीकडून काय चालतं आणि काय चालत नाही ते ईमेलवर लिहून घ्या. विंडोज ११ होम चालेल की प्रोच हवं, हे आधी विचारा. लॅपटॉप कंपनीच्या डोमेनला, म्हणजे तिच्या नेटवर्कला जोडणं आणि डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची पूर्ण सोय होममध्ये मिळत नाही, म्हणून काही कंपन्या प्रोच मागतात आणि नंतर अपग्रेडचे पैसे आपल्यालाच भरावे लागतात. ब्लूटूथला परवानगी आहे का, वाय-फायवर काम चालतं की केबल सक्तीची आहे, कॉल तुमच्या लॅपटॉपवरच्या सॉफ्टफोनमधून, म्हणजे फोन करायच्या ॲपमधून जाणार की कंपनीच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपमधून, हेही विचारा. व्हर्च्युअल डेस्कटॉप असेल तर बहुतेक काम पलीकडच्या सर्व्हरवर होतं, त्यामुळे लॅपटॉप साधा चालतो पण इंटरनेटची लाइन जास्त चांगली लागते. आणि जाता जाता सांगते, 'लॅपटॉप आम्ही देतो, आधी डिपॉझिट भरा' असं कुणी म्हणालं तर तिथून परत फिरा. आपल्या भागातली बरीच मुलं यात फसली आहेत.

आता लॅपटॉप. तुमच्या स्क्रीनवर एकाच वेळी काय उघडं असेल याचा विचार करा. सॉफ्टफोन, ब्राउझरमध्ये कस्टमरच्या माहितीचं पान, ऑर्डरचं पान, उत्तरं शोधायचं पान, चॅटची खिडकी, टीमची चॅट, कंपनीच्या नेटवर्कशी सुरक्षितपणे जोडणारं व्हीपीएन, आणि या सगळ्यामागे कंपनीचं सुरक्षेचं सॉफ्टवेअर. ८ जीबी रॅम यात भरून जाते. मग विंडोज रॅममधला माल एसएसडीवर ने-आण करायला लागतं आणि त्या गडबडीत आवाजाच्या वाट्याला वेळ कमी येतो. कस्टमरला तुम्ही क्षणभर रोबोटसारखे ऐकू येता. इंटरनेट ठणठणीत असतानाही असं होतं, आणि सगळे शिव्या इंटरनेटला देतात. म्हणून १६ जीबी रॅम ही पहिली अट. ८ जीबीचा मॉडेल आवडलाच तर दुसरा स्लॉट मोकळा आहे का ते विचारा. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, ती वाढवता येत नाही.

प्रोसेसर बाराव्या पिढीचा किंवा त्यापुढचा कोअर आय५, किंवा रायझन ५ पुरे. आय७ घेतलात तर कॉलवर काडीचाही फरक कळणार नाही. सेलेरॉन किंवा इंटेल एन मालिकेतले स्वस्त प्रोसेसर टाळा. स्नॅपड्रॅगनचे नवे लॅपटॉप बॅटरीला उत्तम आहेत, पण त्यांची जात वेगळी असल्याने काही कंपन्यांचं व्हीपीएन आणि सुरक्षा सॉफ्टवेअर त्यांच्यावर चालत नाही. आयटीने लेखी हो म्हटल्याशिवाय घेऊ नका. एसएसडी ५१२ जीबी. स्क्रीन १९२०×१०८०, आणि चकाकणारी नको, मॅट हवी. कुडचीपासून खानापूरपर्यंत आपल्याकडची घरं म्हणजे एक दरवाजा अंगणाकडे उघडा. दुपारच्या उजेडात चकाकत्या स्क्रीनवर ऑर्डर नंबर वाचता वाचता डोळे थकतात.

बजेट ओढून ताणून जमत नसेल तर कंपन्यांच्या वापरातून आलेले जुने लॅपटॉप वाईट नसतात. लॅटिट्यूड, थिंकपॅडची टी मालिका, एलिटबुक यांचे कीबोर्ड टिकाऊ असतात आणि त्यांतल्या अनेकांना लॅन केबलचं पोर्ट अंगचंच असतं. फक्त इंटेलच्या आठव्या पिढीच्या मागे जाऊ नका. विंडोज ११ त्याहून जुन्या इंटेलवर अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षा तपासणीत असं मशीन पहिल्याच दिवशी अडकतं. 'सहावी पिढी, एकदम फ्रेश' म्हणत पंधरा हजारांत समोर ठेवतील, त्याकडे बघू पण नका. जुना लॅपटॉप घेताना दुकानातच कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करा:

```
powercfg /batteryreport
```

एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली ते स्क्रीनवर दिसतं. तिच्यात `DESIGN CAPACITY` आणि `FULL CHARGE CAPACITY` असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करायला लावा.

हेडसेटला माझ्या हिशोबात लॅपटॉपइतकंच महत्त्व आहे, कारण कस्टमरला तुमच्या सगळ्या सामानातला फक्त माइक कळतो. तुमचे इअरबड्स गाणी ऐकायला ठेवा. ब्लूटूथवर माइक चालू झाला की जोडणी फोन कॉलच्या पद्धतीवर जाते आणि आवाजाचा दर्जा एकदम खाली येतो. दोन्ही कानांत सपाट, डब्यातून आल्यासारखा आवाज. शिवाय इअरबडचा माइक कानाशी असतो, तोंडापासून लांब. त्याला तुमच्या आवाजाबरोबर स्वयंपाकघरही ऐकू येतं. आणि नऊ तास त्याची चार्जिंग पुरत नाही, हे वेगळंच.

यूएसबी वायरचा, तोंडापुढे दांडी येणारा हेडसेट घ्या. ३.५ मिमीच्या गोल पिनचा नको. गोल पिनवाला हेडसेट लॅपटॉपच्या आतल्या साउंड सर्किटवर अवलंबून असतो आणि तिथे चार्जरचा गुणगुणाट शिरतो. आपल्याकडच्या जुन्या घरांत हे फार दिसतं, कारण तीन पिनांचा प्लग असला तरी भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग नसतं. ओळखायची खूण सोपी आहे: चार्जर काढला की गुणगुण बंद, लावला की परत सुरू. यूएसबी हेडसेटचं साउंड सर्किट त्याच्या स्वतःच्या वायरीत किंवा कानात असतं, त्यामुळे हा त्रास बराच कमी होतो. तरी अर्थिंग मात्र वायरमनकडून करून घ्याच. चार्ज होताना लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की बोटांना मुंग्या येतात ना, ते बहुतेक वेळा त्याचंच लक्षण.

खोक्यावर 'नॉइज कॅन्सलिंग' लिहिलेलं असतं ते कुणासाठी, हे नीट बघा. कानाचं नॉइज कॅन्सलिंग तुम्हाला शांतता देतं. कस्टमरला त्याचा काही उपयोग नाही. तुम्हाला हवं आहे माइकचं. आणि तेही एकसारखा आवाज चांगला कापतं, म्हणजे पंखा किंवा पत्र्यावरचा पाऊस. कुकरची शिट्टी, कुत्र्याचं भुंकणं, शेजारच्या देवळातली घंटा हे अचानक येणारे आवाज सुटतातच. खानापूरच्या जुलैमध्ये पत्र्याच्या खोलीत बसणार असाल तर जागा बदला. कौलाखालची, आतली खोली बरी. माइक कितीही महाग असला तरी पत्र्यावर धो धो पडत असताना तुम्हालाच कस्टमर ऐकू येणार नाही. नामवंत मॉडेल सांगायचे तर लॉजिटेकचा एच३९० किंवा पॉलीचा ब्लॅकवायर ३२२०. तीन ते पाच हजारांच्या आत या जातीचं काहीही चालेल. दांडी तोंडाच्या कोपऱ्यापासून दोन बोटं अंतरावर, थोडी खाली. थेट ओठांसमोर ठेवली की 'प' आणि 'फ' चे फटके कस्टमरच्या कानात बसतात.

कानाच्या गाद्या रेग्झिनच्या की स्पंजच्या, यावर मी नव्या लोकांशी दर वर्षी वाद घालते. रेग्झिन बाहेरचा आवाज जास्त अडवतं, पण एप्रिलच्या उकाड्यात तासाभरात कान घामाने भिजतात. घरात शांतता असेल तर स्पंज घ्या. आणि जोडीच्या गाद्या सुट्या मिळतात का बघा, वर्षभरात त्या फाटतातच.

आता लाइन. दुकानदार आणि केबलवाला दोघेही तुम्हाला १०० एमबीपीएस, २०० एमबीपीएस सांगतील. एका कॉलला दोन्ही दिशांनी मिळून साधारण २०० केबीपीएस लागतात, म्हणजे त्या वेगाचा अगदी क्षुल्लक भाग. आवाज तुटतो तो वेग कमी म्हणून नव्हे. आवाजाचे बारीक तुकडे ठरावीक अंतराने पोचायला हवेत. ते मागे-पुढे पोचले किंवा वाटेत हरवले की तुटतो. स्पीड टेस्टमध्ये हे नीट दिसत नाही. एक तुकडा हरवला तर व्हिडिओ तो परत मागवून घेतो, थांबून राहतो, चालून जातं. बोलण्याला थांबता येत नाही.

निपाणीजवळच्या एका मुलीचं उदाहरण सांगते. २०० एमबीपीएसचा फायबर, नवा लॅपटॉप, चांगला हेडसेट, तरी दर चार कॉलांमागे एक कस्टमर 'हॅलो, हॅलो' करायचा. ती लाइन बदलायला निघाली होती. मी तिला शिफ्टच्या वेळेतच दोन खिडक्यांत दोन कमांड चालवायला सांगितल्या:

```
ping -n 200 192.168.1.1
ping -n 200 8.8.8.8
```

पहिली तिच्या घरातल्या राउटरपर्यंत जाते, दुसरी बाहेर. राउटरचा पत्ता वेगळा असेल तर `ipconfig` टाइप करून `Default Gateway` समोरचा आकडा वापरायचा. घरातला राउटर खरं तर एक-दोन मिलिसेकंदांत उत्तर देतो. तिच्याकडे तो कधी ३ मध्ये, कधी १४० मध्ये देत होता आणि दोनशेतली सहा उत्तरं आलीच नाहीत. म्हणजे दोष घरातच होता, बाहेरच्या लाइनचा त्यात काही संबंध नव्हता. राउटर पुढच्या सोप्यात, ती मागच्या खोलीत, मध्ये दोन जाड दगडी भिंती आणि लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर. मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ, शेजाऱ्यांचे राउटर सगळे त्याच पट्ट्यात बोलतात. वीस मीटरची कॅट ६ लॅन केबल भिंतीच्या कडेने ओढली. तिच्या लॅपटॉपला पोर्ट नव्हतं म्हणून यूएसबीवर लागणारा लॅनचा जोड घेतला. दोन्ही मिळून दीड हजारांच्या आत. पुन्हा पिंग केलं तर राउटरचं उत्तर सरळ १ मिलिसेकंद, हरवलेलं एकही नाही. लाइन तीच राहिली.

उलट चित्र दिसलं, म्हणजे राउटरचं उत्तर नीट आणि बाहेरचं मात्र उड्या मारतंय, तर दोष लाइनचा. ते आकडे स्क्रीनशॉट काढून केबलवाल्याला पाठवा. 'नेट स्लो आहे' म्हटलं की तो राउटर बंद-चालू करा म्हणतो. आकडे बघितले की माणूस पाठवतो. साधारण नियम असा धरा की हरवलेली उत्तरं एक टक्क्याच्या आत आणि दोन उत्तरांमधला फरक ३० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बोलणं सुरळीत जातं. ही चाचणी संध्याकाळी सात ते दहात नक्की करा. गावात सगळे मोबाइलवर बसतात तेव्हाच लाइनची खरी स्थिती कळते.

नवं कनेक्शन घेताना खांबापासून घरापर्यंत फायबरच आणा. काही ठिकाणी खांबावरच्या डब्यापर्यंत फायबर आणि पुढे तांब्याची लॅन वायर ओढतात. वळवाच्या पावसात वीज जवळ कडाडली की त्या तांब्यातून झटका येतो आणि राउटरचं पोर्ट, कधी लॅपटॉपचंही, जळतं.

विजेचं काय, हा नंदगडसाठी खरा प्रश्न आहे. लोक म्हणतात, 'घरात इन्व्हर्टर आहे, चिंता नाही.' पण लाइट जाऊन इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत जो क्षण जातो तेवढ्यात राउटर बंद पडून परत सुरू होतो. लॅपटॉपला बॅटरी असल्याने तो जागचा हलत नाही, आणि कॉल मात्र गेलेला असतो. राउटर परत जोडायला दोन-तीन मिनिटं घेतो. म्हणून राउटर आणि फायबरचा डबा यांच्यासाठी वेगळा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, दोन हजारांच्या आत येतो. आधी दोन्हींच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक १२ व्होल्टच असतात, पण ९ व्होल्टचेही निघतात. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर लॅपटॉप शक्यतो त्यावर लावू नका, बॅटरीवर चालवा. चार्जर गरम होतो आणि गुणगुण वाढते.

एक गोष्ट यात सुटते. तुमचा राउटर जिवंत असला तरी गावातल्या केबलवाल्याच्या खोलीतली बॅटरी संपली की फायबर मुका होतो. डब्यावर `LOS` चा लाल दिवा लागतो. त्याच्याकडे किती तासांचा बॅकअप आहे हे कनेक्शन घेण्याआधीच विचारा. आणि दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. मोबाइलचं नेट हॉटस्पॉटऐवजी यूएसबी केबलने लॅपटॉपला द्या, वाय-फायचा एक टप्पा वाचतो. सीमेलगतच्या गावांत फोन कधी कर्नाटकातला टॉवर पकडतो, कधी महाराष्ट्रातला. तो एका जागी स्थिर ठेवा, खिडकीशी, खिशात नको. अर्थात लाइन बदलली की व्हीपीएन तुटतं आणि चालू कॉल वाचत नाही. मोबाइलने तुमची शिफ्ट वाचते. त्यामुळे कॉल सुरू होताच कस्टमरचा परत फोन करायचा नंबर टिपून ठेवायची सवय लावा.

शरीराबद्दल थोडक्यात. लॅपटॉप सहा-सात इंच उंच ठेवा, जुनी पुस्तकं चालतात, आणि बाहेरचा यूएसबी कीबोर्ड-माउस वापरा. हजार-बाराशेत होतं. त्याने मान वाचते आणि टाइप करताना होणारा खडखडाटही कमी जातो. घशासाठी मात्र एक सेटिंग महत्त्वाचं आहे, त्याला साइडटोन म्हणतात: हेडसेटमध्ये स्वतःचा आवाज थोडा ऐकू येणं. दोन्ही कान झाकले की माणूस नकळत मोठ्याने बोलतो, आणि शिफ्टच्या शेवटी घसा बसतो. हेडसेटसोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय असेल तर निम्म्यावर ठेवा. विंडोजमधलं `Listen to this device` त्यासाठी वापरू नका, त्यात आवाज उशिरा येतो आणि बोलणंच अडखळतं. साइडटोन नसेल तर एका कानाचा हेडसेट घ्या आणि दर दोन तासांनी कान बदला.

सगळं घरी आलं की कामाच्या आदल्या दिवशी विंडोजच्या साउंड रेकॉर्डरमध्ये स्वतःचा आवाज भरा. एकदा चार्जर लावून, एकदा काढून, एकदा पंखा पूर्ण वेगात ठेवून, आणि एकदा घरात स्वयंपाक चालू असताना. त्यात तुमच्या नेहमीच्या वाक्यांबरोबर चौदा-पंधरा आकडी ऑर्डर नंबर हिंदीत आणि कन्नडमध्ये म्हणा. मग ते रेकॉर्डिंग हेडसेटवर न ऐकता मोबाइलच्या साध्या स्पीकरवर ऐका, कारण कस्टमर तसंच ऐकणार आहे. त्यातला एखादा आकडा तुम्हालाच कळला नाही तर आधी दांडीची जागा आणि माइकची पातळी बदलून बघा, आणि तरीही नाही जमलं तर हेडसेट परत करायच्या मुदतीत बदलून घ्या.